काच सतत धुकट, लाकडावर बुरशी: बंद टेरेरियममधलं जास्तीचं पाणी कसं काढायचं

बंद काचेच्या टेरेरियमची, म्हणजे आत झाडं लावलेल्या बरणीची, तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. काच आतून पांढरी होते, आतलं काही दिसत नाही. मग झाकण काढून तासभर हवा खेळू देतात, काच स्वच्छ दिसायला लागली की झाकण लावतात, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आठवड्याभरात लाकडाच्या तुकड्यावर कापसासारखी बुरशी धरते, पंधरा दिवसांत एखादं रोप मुळाशी मऊ पडतं. "रोज उघडं ठेवते, तरी जात नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न झाकणाबद्दल विचारतच नाही. माती किती ओली आहे, हे विचारतो.

कारण सरळ आहे. 25 अंश सेल्सिअसला पूर्ण दमट झालेल्या एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाण्याची वाफ असते. तुमची बरणी 10 लिटरची असेल, तर तिच्यातल्या सगळ्या हवेत मिळून पाव ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. जेमतेम चारपाच थेंब. झाकण काढून आतली हवा बदलली म्हणजे एवढंच बाहेर गेलं. आणि मातीत शंभर-दोनशे मिलिलिटर जास्तीचं पाणी बसलेलं असतं. झाकण लावलं की थोड्याच वेळात माती पुन्हा हवा भरून टाकते. म्हणजे काचेवर दिसणारं पाणी हवेतलं नाही, ते मातीतून येतंय. हवेवर उपाय करून ते संपत नाही.

आधी हे ठरवा की त्रास खरंच आहे का

बंद बरणीत काचेवर थोडं दव येणं हे ती नीट चालल्याचं लक्षण आहे. काचेचं तापमान मातीपेक्षा थोडं खाली गेलं की वाफ तिथे जमते, थेंब ओघळतात, माती ते परत घेते. सकाळी खिडकीकडच्या बाजूला, काचेच्या साधारण एक तृतीयांश भागावर दव दिसलं आणि दुपारपर्यंत विरलं, तर बरणीला हात लावू नका. काच कधीच, अगदी पहाटेही धुकट होत नसेल तर उलट माती कोरडी पडत चालली आहे.

काळजी कधी करायची? सगळ्या बाजूंनी, दिवसभर, थेंब ओघळत असतील तेव्हा. पण तेव्हाही पाण्याआधी जागा तपासा. बरणीतली जमीन उबदार आणि काच गार असेल, तर माती ठीकठाक ओली असतानाही काच भिजत राहते. एसीचा झोत थेट काचेवर येत असेल, बरणी थंड खिडकीला टेकून असेल, तर असं होतं. याची खात्री करायला बरणी दोन दिवस आतल्या भिंतीजवळ ठेवा, जिथे झोत नाही आणि ऊनही नाही. धुकं विरलं तर जागा बदलण्याखेरीज काही करायचं नाही. नाही विरलं तर पाणी जास्त आहे.

अजून एक फसवा प्रकार म्हणजे धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला असणं. बोटाने पुसून पाहिलं की कळतं. एसीत गार झालेली बरणी दमट खोलीत आली की बाहेरून घामेजते, आणि लोक आतलं पाणी कमी करायला लागतात.

दुपारी ऊन पडल्यावरच धुकं दाटत असेल तर दोष उन्हाचा. बंद काचेत थेट ऊन शिरलं की आतलं तापमान खोलीपेक्षा खूप वर जातं, मातीतलं पाणी वेगाने उडतं आणि सावलीच्या बाजूच्या काचेवर जमतं. अशा बरणीतलं फिटोनियासारखं पातळ पानांचं रोप तासाभरात शिजल्यासारखं दिसतं. भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको.

माती किती ओली आहे हे काचेतूनच कळतं

बरणीची बाजू नीट पाहा. तळाला खडे असतील तर त्यांच्यामध्ये पाणी उभं आहे का? टॉर्च तिरका धरला की पाण्याची रेघ चमकते. खड्यांच्या वरची माती सगळीकडे काळपट आणि काचेला चिकटून चकाकणारी असेल तर ती तुडुंब आहे. योग्य ओली माती मध्यम तपकिरी दिसते, कणांमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या दिसतात. चिमटीत घेऊन दाबली तर गोळा होते, पण बोटांमधून पाणी निघत नाही.

झाडंही सांगतात. सकाळी पानांच्या कडांवर, शिरा जिथे संपतात तिथे ओळीने बसलेले टपोरे थेंब दिसले तर ते दव नव्हे. मूळ पाणी वर ढकलतंय आणि हवा भरलेली असल्यामुळे ते वाफ होऊन जात नाही, म्हणून पानाच्या टोकातून थेंबांच्या रूपात बाहेर पडतंय. दव पानावर कुठेही पसरतं, हे थेंब मात्र शिस्तीत कडेलाच असतात. एखाद्या सकाळी दिसले तर काही नाही. रोज दिसले तर मुळं पाण्यात आहेत.

इथे तळाच्या खड्यांबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. खाली खडे घातले म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप खाली जाईल आणि माती मोकळी राहील, असं समजून लोक बिनधास्त पाणी घालतात. बारीक माती पाणी धरून ठेवते, आणि पुरती भिजून थबथबल्याशिवाय खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सोडत नाही. म्हणजे खड्यांत पाणी दिसायला लागलं तेव्हा वरची माती आधीच गच्च झालेली असते. खड्यांचा उपयोग इतकाच, की सांडलेलं पाणी मुळांपासून थोडं लांब राहतं आणि आपल्याला काचेतून दिसतं. बरणीला भोक नाही, त्यामुळे ते निचऱ्याचं काम करतच नाहीत. कोळशाच्या थराचंही तसंच. अॅक्टिव्हेटेड चारकोल काही दुर्गंधी आणि विरघळलेले पदार्थ शोषतो, काही काळाने त्याची क्षमता संपते. बुरशी त्याने थांबत नाही.

एक बरणी, वजनासकट

एका मैत्रिणीने तिची बरणी माझ्याकडे आणून दिली होती. 10 लिटर, तोंड हाताचा पंजा आत जाईल एवढं रुंद, काचेचं झाकण. आत बोटभर खडे, त्यावर चार बोटं माती, त्यात फिटोनियाची दोन रोपं, एक छोटं नेचं, एक जेड, मॉसचा पट्टा आणि वाळलेल्या लाकडाचा वळणदार तुकडा. लावताना तिने तीन पेले पाणी घातलं होतं, शिवाय रोज फवारा. "झाडांना पाणी नको का?" असा तिचा रास्त प्रश्न. कुंडीच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, पण कुंडीतलं पाणी उडून जातं. बंद बरणीतलं कुठेच जात नाही.

पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बरणी सगळ्यासकट 6,420 ग्रॅम भरली. हा आकडा मोलाचा, कारण काचेकडे पाहून अंदाज चुकतो. वजन मात्र एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम असं थेट सांगतं. ज्यांना टेरेरियमचा छंद जडलाय त्यांना महागडं आर्द्रतामापक घेण्यापेक्षा मी काटाच वापरायला सांगतो. बंद बरणीत आर्द्रतामापक शंभराच्या आसपासच राहतो, माती योग्य ओली असो की चिखल. त्यातून काहीच कळत नाही.

मग खड्यांमधलं उभं पाणी. मोठी सिरिंज, तिच्या टोकाला मत्स्यटाकीत हवेसाठी वापरतात ती पातळ नळी. नळी काचेच्या कडेने सरकवत खड्यांपर्यंत नेली आणि हळू ओढलं. जोरात ओढलं की माती नळीत शिरते आणि ती तुंबते. बरणी तिरकी धरली की पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं, मग शेवटपर्यंत निघतं. 140 मिलिलिटर निघालं. त्याला किंचित आंबूस वास होता, सडक्या अंड्याचा नव्हता. हा फरक पुढे लागतो.

यानंतर जेड काढलं. त्याचा बुंधा बोटाने दाबला तर पाणी सुटत होतं, पानं अर्धपारदर्शक झाली होती, म्हणजे ते गेलंच होतं. त्याच्या भोवतालची चिखल झालेली मातीही चमच्याने उचलली. रोपासकट 210 ग्रॅम बाहेर आलं. त्या खड्ड्यात कोकोपीट आणि पर्लाइटचं जवळजवळ कोरडं मिश्रण 60 ग्रॅम भरलं. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त काम याने केलं. सुकं कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतं, आणि आजूबाजूच्या मातीतलं पाणी हळूहळू तिकडे ओढलं जातं. मात्र अगदी ठणठणीत कोरडं कोकोपीट सुरुवातीला पाणी धरत नाही, वरून घरंगळू देतं. भरण्याआधी किंचित ओलसर करून हाताने मोकळं केलं की ते कामाला लागतं.

रात्री टिश्यू पेपरच्या जाड घड्या मातीवर, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत दाबून ठेवल्या. भिजल्या की बदलल्या. सगळ्या मिळून 55 ग्रॅम पाणी त्यांनी ओढलं. आता बरणी 6,075 वर आली होती.

काच पुसण्याचा खरा उपयोग

आता पुसण्याबद्दल. मी सुरुवातीला झाकण उघडण्याची खिल्ली उडवली, म्हणून पुसणंही फुकट असं वाटेल, पण तसं नाही. नुसतं झाकण उघडणं आणि काच पुसणं यात फरक आहे. सकाळी दाट धुकं असताना कोरडा टिश्यू घेऊन आतली काच पुसली आणि तो टिश्यू लगेच तोलला, तर या बरणीत दर वेळी सहा-सात ग्रॅम पाणी मिळत होतं. आतल्या हवेत मावणाऱ्या पाण्याच्या पंचवीसपट! काच इथे ऊर्ध्वपातनाचं यंत्र झालेली असते. माती पाणी वाफ करून वर पाठवते, काच ते गोळा करते आणि आपण ते बाहेर काढतो. म्हणून पुसा, पण धुकं दाट असताना पुसा, ओलं झालेलं बाहेर टाका, आणि मग झाकण लावून काच पुन्हा भिजू द्या. पुसल्यावर झाकण उघडंच ठेवून काच कोरडी राहिली की हे यंत्र थांबतं. लांब चिमट्याला टिश्यू गुंडाळला की कोपऱ्यांपर्यंत हात जातो.

झाकण उघडं ठेवण्याचाही उपयोग आहे, पण तो सावकाश होतो. तोंड रुंद असूनही दिवसाचे सहा-आठ तास झाकण पूर्ण काढून ठेवलं तेव्हा या बरणीतून जेमतेम पाच-सहा ग्रॅम जात होते. अरुंद मानेच्या बाटलीतून याहूनही कमी जातं, आणि बाहेरची हवाच दमट असेल तर जवळजवळ काहीच नाही. पंखा चालू असलेल्या खोलीत थोडा फरक पडतो. पण पंख्याचा झोत थेट तोंडात सोडू नका, त्याने आतल्या झाडांचे हाल होतात.

हाल का होतात, हे जरा समजून घ्या. सतत भरलेल्या दमट हवेत वाढलेल्या पानांचं वरचं मेणचट आवरण पातळ असतं आणि त्यांची रंध्रं पटकन मिटत नाहीत. अशी पानं अचानक कोरड्या हवेत आली की मुळाशी पाणी असूनही लोळतात. फिटोनिया तर नाटकच करते, तासाभरात आडवी पडते. ती पडली म्हणून घाबरून पाणी घातलं की आपण पुन्हा पहिल्या जागी. झाकण लावा, दोन-तीन तासांत ती उठते. उठली नाही तर मुळं कुजल्याचा संशय घ्या. म्हणून पहिले एक-दोन दिवस दोन-तीन तासच उघडं ठेवायचं, मग वेळ वाढवायचा. रात्रभर झाकण आणि काच यांमध्ये आगपेटीची काडी आडवी ठेवून फट ठेवली तरी चालतं.

या क्रमाने, सकाळी पुसणं आणि मग काही तास उघडं ठेवणं असं करत, बरणी रोज साधारण बारा ग्रॅमने हलकी होत गेली. आठवड्याभरात 5,990 वर आली. तोवर खड्यांत पाणी नव्हतं, मातीचा रंग उजळला होता आणि धुकं फक्त सकाळी, खिडकीच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढं. तिथे थांबलो. हाच आकडा बरणीच्या तळाला चिकटपट्टीवर लिहून ठेवला.

कोणती बुरशी, हे ओळखल्याशिवाय काही फवारू नका

बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, ते बरणीत येणारच. त्यांना वाढायला मेलेलं काहीतरी खायला लागतं, पाणी लागतं आणि स्थिर हवा लागते. यातलं पाणी आणि खाणं आपल्या हातात आहे.

लाकडाच्या तुकड्यावर पांढरी, लवदार, कोळ्याच्या जाळ्यासारखी वाढ दिसते ती जवळजवळ निरुपद्रवी. लाकडातली शर्करा आणि मऊ भाग ती खाते, खाणं संपलं की काही आठवड्यांत स्वतःहून ओसरते. नव्या बरणीत ती जवळपास ठरलेलीच असते. दिसायला नको असेल तर लाकूड बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायचं, अर्धा तास उकळायचं, पूर्ण गार करून परत ठेवायचं. एवढं करूनही थोडी येऊ शकते, कारण कण हवेतून पुन्हा येतात. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावलं तरी चालतं. ते फवारायचं नाही. एक तर त्यात बहुतांश पाणीच असतं, म्हणजे जे काढायला आपण आठवडा घालवला तेच परत आत. दुसरं, ते मॉसला आणि मातीतल्या उपयोगी जिवांनाही लागतं.

पानावर किंवा गळलेल्या पाकळीवर करड्या-तपकिरी रंगाची, धूळ बसल्यासारखी बुरशी दिसली तर प्रकार वेगळा. ही बोट्रायटिस. ती मेलेल्या पानावर सुरू होते आणि शेजारच्या जिवंत पानाकडे सरकते. तिच्या कणांना रुजायला पानावर काही तास पाण्याचा थर हवा असतो, म्हणून ती नेमकी कुठे सापडते ते पाहा: जिथे पान काचेला टेकलंय. काच आणि पान यांच्यामधला थेंब दिवसभर सुकत नाही. मैत्रिणीच्या बरणीत फिटोनियाची तीन पानं अशी चिकटलेली होती आणि तिन्हींच्या टोकांना करडा डाग. ती पानं देठासकट कापून काढली, आणि बाकीच्या फांद्या अशा छाटल्या की काचेपासून किमान बोटभर अंतर राहील. छाटलेलं आत पडू देऊ नका, चिमट्याने लगेच उचला. पानाला हात लावण्याआधी ओला टिश्यू त्यावर अलगद ठेवून मग उचललं तर बुरशीची धूळ बरणीभर उडत नाही. दमा किंवा बुरशीची अॅलर्जी असेल तर हे काम मास्क लावून, मोकळ्या हवेत करा.

तिसरा प्रकार म्हणजे देठाच्या बुडाशी काळपट, मऊ, पाणचट भाग. तिथे लव दिसेलच असं नाही. रोप वरून हिरवं असतं आणि हलक्या हाताने ओढलं की मुळाशिवाय हातात येतं. हे मुळकुज, आणि त्यावर औषध शोधत बसू नये. वरचा निरोगी भाग कापून घ्यावा, बुडखा आणि त्याभोवतीची माती काढून टाकावी. फिटोनियाची छाट पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये सहज मुळं धरते.

बंद बरणीत बुरशीनाशक फवारण्याच्या मी विरोधात आहे. पाऊस नाही, निचरा नाही; जे आत गेलं ते आतच राहतं. दालचिनीची पूड भुरभुरवण्याचा सल्लाही फिरत असतो. माती चिखल असेल तर पुडीने काही अडत नाही, उलट ती भिजून तिच्यावरच बुरशी धरलेली मी पाहिली आहे.

उपयोगी पडतात ते स्प्रिंगटेल. एक-दोन मिलिमीटरचे, पांढरे, टुणकन उडणारे जीव बुरशी आणि कुजकं खाऊन जगतात, धडधाकट झाडाला हात लावत नाहीत. पण त्यांना सोडायचं माती ताळ्यावर आल्यानंतर, तेही पाणी ओतून नव्हे, तर ते ज्या कोळशाच्या तुकड्यांवर वाढवलेले असतात तो तुकडा आत झटकून. ते बरणी साफ ठेवतात, पाणी कमी करत नाहीत.

बुरशी नसताना बुरशी वाटावी अशाही गोष्टी असतात. खड्यांवर आणि मातीच्या रेषेवर पांढरा, कडक, नखाने खरवडला की पावडर होणारा थर असेल तर तो क्षारांचा. काचेला लागून दिसणाऱ्या मुळांवरची बारीक पांढरी लव ही मूलरोमांची असते. ती मुळाभोवती नेटकी असते, बुरशी मात्र वाट फुटेल तिकडे पसरते.

झाडांची निवड बदलल्याशिवाय त्रास परत येतो

जेड मेलं ते पाण्याने, पण मुळात ते तिथे असायलाच नको होतं. जेड, कोरफड, एचेवेरिया, कॅक्टस ही सगळी पानात किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं. कोरड्या हवेत, दोन पाण्यांमध्ये माती पूर्ण सुकेल अशा ठिकाणी ती खूश असतात. बंद बरणीत माती कधीच सुकत नाही. कमी पाणी घालून ती जगवू म्हणाल तर शेजारचं नेचं वाळेल. टिलँड्सिया, म्हणजे मातीशिवाय वाढणारी हवाई रोपं, त्यांनाही पान भिजल्यावर सुकणं गरजेचं असतं. बंद बरणीत ती आतून कुजतात. आफ्रिकन व्हायोलेटसारखी केसाळ पानांची झाडं लवेत थेंब धरून बसतात. आणि भरभरून फुलणारं काहीही नको, कारण गळालेली प्रत्येक पाकळी बोट्रायटिसला आमंत्रण.

चालतं ते काय? फिटोनिया, बारीक पानांची पायलिया, छोटी नेची, सेलाजिनेला, आणि जिवंत मॉस. पातळ पानांची, मूळची दमट जंगलातल्या जमिनीलगत वाढणारी. पेपरोमियाची पातळ पानांची जात चालते, जाड गुबगुबीत पानांची टाळा. रांगणारं फायकस तगतं, पण ते वर्षभरात बरणी गिळतं. मग पानं काचेला टेकतात आणि वर सांगितलेली सगळी कहाणी पुन्हा. मनीप्लांट मरत नाही, तीच त्याची अडचण.

मॉस घेताना डोळे उघडे ठेवा. एकसारखं गडद हिरवं, कायम टवटवीत दिसणारं, हाताला जरा तेलकट लागणारं मॉस बहुतेक वेळा सजावटीसाठी ग्लिसरीन आणि रंग देऊन टिकवलेलं असतं. ते मेलेलं आहे. ओल्या बरणीत ते बुरशीचं ताट. मैत्रिणीच्या बरणीतला पट्टा असाच निघाला. उलटा केला तर खालून करडा जाळीदार थर आणि काचेवर हिरवट पाण्याचे ओघळ. जिवंत मॉसचे शेंडे फिकट असतात, ओलं केलं की काही मिनिटांत उलगडतात.

मातीही जरा उपाशीच हवी. गांडूळखत भरपूर घातलेली माती कुंडीसाठी छान, बंद बरणीत ती बुरशीचं खाणं ठरते आणि झाडं नको इतकी वाढवते. कोकोपीटमध्ये पर्लाइट किंवा भरड वाळू आणि थोडे सालीचे तुकडे, खत अगदी चिमूटभर किंवा नाहीच.

लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1829 च्या सुमारास त्याने पतंगाचा कोष ओलसर पालापाचोळ्यात, झाकण लावलेल्या बाटलीत ठेवला होता. कोषापेक्षा त्याला वेगळंच दिसलं: काचेवर दव धरतं, परत मातीत उतरतं, आणि मातीतून एक नेचं आणि गवत आपोआप उगवलं. त्याने झाडं निवडली नव्हती. त्या ओलीत जे जगू शकत होतं तेच वर आलं. जवळजवळ चार वर्षं त्यांना पाणी लागलं नाही. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती मेली.

कधी बरणी मोडावी

सिरिंजने काढलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल, खालची माती काचेतून निळसर-काळी दिसत असेल, तर मातीत हवा उरलेली नाही आणि कुजणं सुरू झालंय. तेव्हा टिश्यू आणि पुसण्यात दिवस घालवू नका. निरोगी फांद्यांची छाट घ्या, माती फेका, खडे उकळत्या पाण्याने धुवा, बरणी साबणाने घासून पूर्ण वाळवा. अरुंद मानेच्या बाटलीत हात जात नसेल आणि निम्म्याहून जास्त झाडांचं बूड काळं पडलं असेल, तर तिथेही हाच निर्णय.

नव्याने भरताना पाणी एकदम ओतू नका. मिश्रण बाहेरच, भांड्यात ओलसर करून चिमटीची कसोटी लावा आणि मग भरा. झाडं लावल्यावर मुळं बसण्यापुरतं, रोपामागे एक-दोन चमचे. लाकूड उकळलेलं. पहिले चार-पाच दिवस झाकणाखाली काडीची फट, मग बंद, आणि वजनाची नोंद.

त्या बरणीचं पुढे काय झालं विचाराल, तर जेडच्या जागी सेलाजिनेला आहे आणि फवारा बाटलीला हात लावायला बंदी आहे. मैत्रीण महिन्यातून एकदा ती काट्यावर ठेवते. 5,990 पासून पाच-दहा ग्रॅम खाली-वर होतं. झाडं वाढली तरी त्यांचं वजन त्याच पाण्यातून आणि आतल्या हवेतूनच येतं, म्हणून एकूण आकडा फारसा हलत नाही. तीस ग्रॅम कमी झाले आणि सकाळीही काच कोरडी राहिली, तर पंचवीस मिलिलिटर पाणी सिरिंजने, काचेच्या कडेने सोडायचं. नुसता आकडा घसरलाय पण सकाळी दव दिसतंय, तर आधी छाटणी करून किती ग्रॅम बाहेर काढलं ते आठवायचं. मागच्या वेळी कमी झालेले अठरा ग्रॅम फिटोनियाच्या शेंड्यांचेच होते.